असमान वेळांच्या नोंदींवरून नाल्याचे एकूण पाणी कसे काढावे

प्रश्न: नमस्कार. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या नाल्यावर सिमेंट बंधारा आहे. सांडवा आयताकृती, २ मीटर रुंद. जोरदार पाऊस झाल्यावर माथ्यावरून जाणाऱ्या पाण्याची उंची मापपट्टीवर वाचली आणि Q = 1.84·L·H^1.5 या सूत्राने विसर्ग काढला. वेळा सारख्या अंतराने घेता आल्या नाहीत.

| मिनिटे | विसर्ग (लिटर/सेकंद) |
|---|---|
| ० | २० |
| १५ | ८० |
| २५ | २१० |
| ३५ | ३४० |
| ५० | ४१० |
| ८० | ३०० |
| १२० | १७० |
| १८० | ८० |
| ३०० | ३० |

पाच तासांत एकूण किती पाणी गेले? सरासरी विसर्ग गुणिले वेळ केले तर ३२८० घनमीटर येते. मित्राने पुस्तकातले समलंबाचे सूत्र वापरले, h = ३००/८ = ३७.५ घेऊन, तर ३६३४ आले. कोणते धरू? का सिम्प्सनचा नियम लावू? तो जास्त अचूक असतो म्हणतात.

उत्तर:

भाऊ, दोन्ही आकडे सोडून द्या. तुमच्या नोंदी चांगल्या आहेत आणि त्यांच्यातून २६८४ घनमीटर निघते. म्हणजे तुमची सरासरी २२ टक्क्यांनी आणि मित्राचे उत्तर ३५ टक्क्यांनी जास्त आहे. बेरजेत कुठेही चूक नाही. दोघांनीही प्रत्येक नोंदीला सारखाच मान दिला, एवढीच अडचण आहे.

पूर चढत होता तेव्हा तुम्ही दर दहा-पंधरा मिनिटांनी वाचन घेतले. ओसरायला लागल्यावर आधी अर्धा तास, मग तास, शेवटी दोन तासांचे अंतर पडले. हे योग्यच केले, कारण सातपुड्यातून उतरणारे नाले झपाट्याने चढतात आणि रेंगाळत उतरतात. पण त्यामुळे नऊपैकी बऱ्याच नोंदी मोठ्या विसर्गाच्या काळात एकवटल्या. साधी सरासरी काढली की ३५व्या मिनिटाचे ३४० आणि १८०व्या मिनिटाचे ८० एका तागडीत बसतात. प्रत्यक्षात ३४० च्या आसपासचा विसर्ग काही मिनिटेच टिकला आणि ८० च्या आसपासचा दीड तास. मित्राच्या सूत्रातला h तर सगळ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या असतील तरच बाहेर काढता येतो. त्याने दहा मिनिटांची पट्टी साडेसदतीस मिनिटांची केली आणि १२० मिनिटांचीही तेवढीच. एकूण वेळ ३०० जुळला, म्हणून चूक दिसली नाही.

सूत्र पाठ करायची गरज नाही. लागोपाठच्या दोन नोंदींमध्ये विसर्ग सरळ रेषेत बदलला असे धरायचे. मग त्या पट्टीतले पाणी म्हणजे दोन विसर्गांची सरासरी गुणिले त्या दोघांमधली मिनिटे. प्रत्येक पट्टीची रुंदी तिची स्वतःची. तुमच्या तक्त्यावर हे असे उतरते:

| पट्टी (मिनिटे) | रुंदी | सरासरी विसर्ग | गुणाकार |
|---|---|---|---|
| ०–१५ | १५ | ५० | ७५० |
| १५–२५ | १० | १४५ | १४५० |
| २५–३५ | १० | २७५ | २७५० |
| ३५–५० | १५ | ३७५ | ५६२५ |
| ५०–८० | ३० | ३५५ | १०६५० |
| ८०–१२० | ४० | २३५ | ९४०० |
| १२०–१८० | ६० | १२५ | ७५०० |
| १८०–३०० | १२० | ५५ | ६६०० |

बेरीज ४४,७२५. हे एकक ‘लिटर प्रति सेकंद गुणिले मिनिट’ असे विचित्र आहे, म्हणून ६० ने गुणा: २६,८३,५०० लिटर, म्हणजे २६८३.५ घनमीटर. हा ६० चा गुणाकार विसरणे ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. ती पकडायला सोपे आहे: शेवटी आलेल्या लिटरना पाच तासांच्या १८,००० सेकंदांनी भागा, १४९ लिटर प्रति सेकंद येते. हीच खरी, वेळेनुसार तोललेली सरासरी. ती सर्वात लहान आणि सर्वात मोठ्या विसर्गाच्या मध्ये बसते की नाही आणि मनाला पटते की नाही, ते पाहावे.

आता हेच गणित दुसऱ्या बाजूने मांडतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. प्रत्येक नोंद दोन पट्ट्यांत अर्धी-अर्धी येते. म्हणून तिचे वजन म्हणजे मागच्या आणि पुढच्या नोंदीमधल्या अंतराचा अर्धा भाग. पहिल्या आणि शेवटच्या नोंदीला एकच शेजारी, म्हणून तिथे त्या एका पट्टीचा अर्धा भाग. तुमच्या नऊ नोंदींची वजने अनुक्रमे ७.५, १२.५, १०, १२.५, २२.५, ३५, ५०, ९० आणि ६० मिनिटे. बेरीज बरोबर ३०० यायला हवी आणि येते. विसर्ग गुणिले वजन करून बेरीज केली तरी तेच ४४,७२५.

या वजनांकडे थोडा वेळ पाहा. २५व्या मिनिटाची नोंद दहाच मिनिटांची जबाबदार आहे, १८०व्या मिनिटाची नव्वद मिनिटांची. पुरात उभे राहून घाईघाईने घेतलेल्या वाचनात ५ लिटर प्रति सेकंद चुकले तर एकूण उत्तर ३ घनमीटरने हलते. शांतपणे उतरलेल्या पाण्यात १८०व्या मिनिटाला तेवढेच चुकले तर २७ घनमीटरने. माणसाचे लक्ष मात्र नेमके उलटे असते: पूर असताना डोळ्यांत तेल घालून वाचतो, नंतर ‘आता काय, थोडेच पाणी आहे’ म्हणून लांबूनच आकडा लिहितो.

संगणकाच्या तक्त्यात वेळा A2:A10 आणि विसर्ग B2:B10 मध्ये असतील, तर एकाच सूत्रात घनमीटर मिळतात:

```
=SUMPRODUCT(A3:A10-A2:A9,(B3:B10+B2:B9)/2)*60/1000
```

दोन ठिकाणी जपा. वेळ ४:३५ अशा घड्याळी स्वरूपात भरली असेल, तर तक्ता ती आतून दिवसाच्या अपूर्णांकात ठेवतो. मिनिटे हवी असतील तर १४४० ने गुणावे लागते, आणि पाऊस मध्यरात्र ओलांडून चालला असेल तर तारीखही भरावी लागते, नाहीतर एक पट्टी उणे रुंदीची होते. दुसरे, वाचन राहून गेले म्हणून कप्पा रिकामा ठेवला तर हे सूत्र तो शून्य धरते. समजा ८०व्या मिनिटाचे वाचन हुकले. रिकामा कप्पा ठेवला तर ३०० गुणिले ३५, म्हणजे ६३० घनमीटर पाणी हिशेबातून गायब होते. त्याऐवजी ती ओळच काढून टाकली, तर ५० ते १२० अशी एक सलग पट्टी होते आणि उत्तर अवघ्या १५ घनमीटरने बदलते. असमान अंतर चालणाऱ्या पद्धतीचा हाच मोठा फायदा आहे: हुकलेली नोंद खुशाल वगळा, तिच्या जागी शून्य किंवा अंदाजाचा आकडा घुसवू नका.

आणखी एक: उंचीचे विसर्गात रूपांतर आधी, बेरीज नंतर. तुम्ही तसेच केले आहे. काहीजण आधी उंचीची सरासरी काढून ती सूत्रात घालतात. विसर्ग उंचीच्या दीड घाताने वाढतो, त्यामुळे सरासरी उंचीचा विसर्ग हा सरासरी विसर्गापेक्षा नेहमी कमी भरतो.

आता २६८४ वर किती विसंबायचे, ते पाहू. समलंबाची चूक रेषेच्या वाकण्यावर अवलंबून असते. खरा आलेख दोन नोंदींमध्ये खाली झुकत असेल तर सरळ रेषा त्याच्या वरून जाते आणि पट्टी जास्त पाणी दाखवते. आलेख वर फुगलेला असेल तर कमी दाखवते. पट्टी रुंद असेल तर ही चूक रुंदीच्या घनाने वाढते, म्हणून रुंद पट्ट्यांकडे आधी पाहायचे.

ओसरता पूर जवळजवळ नेहमी खाली झुकलेला असतो: आधी भरकन उतरतो, मग मंदावतो. तिथे दोन नोंदींमध्ये विसर्ग ठरावीक प्रमाणात घटत गेला असे धरणे सरळ रेषेपेक्षा वास्तवाला जवळचे. तसे धरले तर पट्टीतली सरासरी अशी येते:

```
(Q1 - Q2) / ln(Q1/Q2)
```

शेवटच्या पट्टीत ८० आणि ३० घातले की ५५ ऐवजी ५१ मिळते. १२०–१८० मध्ये १२५ ऐवजी ११९.४, आणि ८०–१२० मध्ये २३५ ऐवजी २२८.९. तीन पट्ट्यांत मिळून ६४ घनमीटर कमी होतात, म्हणजे एकूण पाण्याच्या २.४ टक्के. त्यातले २९ घनमीटर एकट्या शेवटच्या पट्टीतले. तुमच्या नोंदींत घटण्याचा दरही हळूहळू कमी होत गेलेला दिसतो, म्हणून खरा आलेख याहीपेक्षा किंचित खाली असण्याची शक्यता जास्त. मात्र मध्येच पुन्हा सर आली असेल तर हे सगळे लागू नाही. १८० ते ३०० मिनिटांत पाऊस थांबलेला होता का, हे तुम्हालाच माहीत. दोन्ही Q सारखे असतील किंवा एखादा शून्य असेल, तर हे सूत्र चालत नाही. तिथे साधा समलंब ठेवा.

शिखराजवळ याच्या उलट घडते. तुमची सर्वात मोठी नोंद ५०व्या मिनिटाची, ४१०. पण पाणी नेमके त्याच मिनिटाला सर्वोच्च होते असे समजायला आधार नाही. पुढचे वाचन थेट ८०व्या मिनिटाला आहे. समजा ६०व्या मिनिटाला विसर्ग ४५० पर्यंत गेला होता. ५० आणि ८० ला जोडणारी सरळ रेषा तिथे ३७३ दाखवते, म्हणजे शिखर रेषेच्या ७७ ने वर. राहून गेलेला त्रिकोण म्हणजे पट्टीची अर्धी रुंदी गुणिले ही उंची: १५ गुणिले ७७, सुमारे ११५०, म्हणजे ६९ घनमीटर. ओसरत्या भागात जेवढे जास्त धरले गेले, जवळपास तेवढेच इथे कमी धरले गेले असू शकते. दोन्ही चुका एकमेकींना खातात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. पुढच्या पावसात त्या सारख्या नसतील.

हुकलेल्या शिखराचा माग नंतरही काढता येतो. बंधाऱ्याच्या बाजूभिंतीवर गाळाची ओली रेघ किंवा अडकलेला पालापाचोळा राहतो. ती खूण सांडव्याच्या माथ्यापासून किती उंच आहे ते मोजा. ४१० लिटरला माथ्यावर सुमारे २३ सेंटीमीटर पाणी असते, ४५० ला साडेचोवीसच्या आसपास. खूण २३ लाच असेल तर शिखर हुकलेले नाही. जास्त असेल तर वेळ माहीत नसली तरी उंची कळते, आणि वरच्या त्रिकोणाने भर घालता येते. खूण मोजताना सांडव्याच्या अगदी कडेची घेऊ नका. पाणी माथ्यावरून पडताना तिथे पातळी खाली वाकलेली असते. थोडे मागची, संथ पाण्याची खूण घ्या.

सिम्प्सनबद्दल. त्याचे नेहमीचे सूत्र समान अंतरासाठीच आहे, त्यामुळे तुमच्या तक्त्याला ते जसेच्या तसे लावताच येत नाही. असमान अंतरासाठी तीन-तीन नोंदींतून अन्वस्त, म्हणजे वर्गसमीकरणाची वक्ररेषा, काढता येतो. पण तुमच्या शेवटच्या तीन नोंदींतून (१२०, १८०, ३००) तो काढून पाहा: सुमारे २७५व्या मिनिटाला विसर्ग २६ पर्यंत उतरतो आणि मग पुन्हा चढून ३० होतो. नाल्यात असे काही घडलेले नाही, ते फक्त त्या वक्राला वळावे लागते म्हणून. गुळगुळीत, नेमक्या आणि सारख्या अंतराच्या आकड्यांवर सिम्प्सन उत्तम. मोजमापाच्या, असमान अंतराच्या नोंदींवर मी समलंबच घेतो, कारण सरळ रेषा दोन नोंदींच्या बाहेर कधीच जात नाही, आणि तिची चूक कोणत्या बाजूला आहे ते नुसते पाहून सांगता येते.

चूक किती मोठी असू शकेल याची एक झटपट चाचणी आहे. एकाआड एक नोंद काढून टाका आणि पुन्हा हिशेब करा. ०, २५, ५०, १२० आणि ३०० एवढ्याच ठेवल्या तर २९३५.५ घनमीटर येतात, म्हणजे पूर्ण तक्त्यापेक्षा २५२ जास्त. पट्ट्या साधारण मधोमध तुटत असतील तर पूर्ण तक्त्याची चूक या फरकाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणजे इथे ८४ च्या आसपास, आणि दिशाही तीच, जास्तीची. तुमची १२०–३०० ही पट्टी मधोमध तुटत नाही, एक तुकडा दुसऱ्याच्या दुप्पट आहे, म्हणून हा तिसरा हिस्सा ढोबळ समजा. तरी वरच्या ६४ शी तो मिळताजुळता आहे. फरक ६०० आला असता तर नोंदीच अपुऱ्या आहेत असे म्हटले असते.

इतके करून खरी जोखीम मात्र दुसरीकडेच आहे: मापपट्टीचा शून्य. पट्टीवरचा शून्य सांडव्याच्या माथ्याशी अर्धा-एक सेंटीमीटर वरखाली बसला असेल, तर सगळी वाचने एकाच दिशेने चुकतात, आणि बेरजेत ही चूक कटत नाही. २३ सेंटीमीटरला एक सेंटीमीटर चुकले की विसर्ग साडेसहा टक्क्यांनी चुकतो. पण ३० लिटरला माथ्यावर जेमतेम ४ सेंटीमीटर पाणी असते, तिथे तोच एक सेंटीमीटर ३७ टक्क्यांची चूक करतो. आणि नेमक्या या उथळ नोंदींचीच वजने मोठी आहेत. नऊही नोंदींत एक सेंटीमीटरची चूक धरून मी वजनांनी बेरीज केली, तर ३१६ घनमीटर येतात, जवळजवळ १२ टक्के. त्यातले ८३ एकट्या १८०व्या मिनिटाचे. समलंबाची चूक यापुढे लहान आहे. म्हणून पाणी नसताना पाण्याची नळी-पातळी लावून माथा आणि पट्टीचा शून्य जुळवून घ्या. फरक निघाला तर जुनी वाचनेही तेवढ्याने दुरुस्त करा, त्यांतून विसर्ग पुन्हा काढा आणि मगच बेरीज करा.

आज हाती असलेल्या माहितीवर मी ‘सुमारे २६५० घनमीटर, दीड-दोनशेने कमीजास्त’ असे लिहीन. अर्धा सेंटीमीटरची शून्यचूकच १६० च्या आसपास जाते, त्यामुळे याहून बारीक आकडा लिहिण्यात अर्थ नाही. तुलनेसाठी: ३० × ३० मीटर, ३ मीटर खोल आणि १:१ उताराच्या बाजूंचे शेततळे २१९६ घनमीटरचे भरते. म्हणजे या एका पुरात एक शेततळे भरून थोडे उरेल एवढे पाणी गेले. मित्राच्या ३६३४ वर विसंबून दोन तळ्यांचा बेत आखला असता तर दुसरे निम्म्याहून बरेच रिकामे राहिले असते. हा आकडा बंधाऱ्यावरून गेलेल्या पाण्याचा आहे, हेही ध्यानात असू द्या. पायथ्याच्या गोटेरी, पाणी पिणाऱ्या पट्ट्यात खाली काही अंतरावर मोजले तर तो कमी भरेल. आणि पहिल्या नोंदीतले २० लिटर हा नाल्याचा आधीचाच प्रवाह असेल, तर पाच तासांचे ३६० घनमीटर त्याचेच. फक्त पावसाचे पाणी हवे असेल तर ते वजा करा.

पुढच्या पावसात दोनच वाचने वाढवा. एक ६० ते ६५व्या मिनिटाच्या सुमारास, पाणी ओसरू लागले की नाही ते कळायला. दुसरे २३०व्या मिनिटाच्या सुमारास, म्हणजे १२० मिनिटांची पट्टी दोन तुकड्यांत मोडेल आणि १८०व्या मिनिटाच्या नोंदीचे वजन ९० वरून ५५ वर येईल. चढत्या पुरातले २५व्या मिनिटाचे वाचन त्या धावपळीत हुकले तरी चालेल.